मुलींच्या टॉयलेटचं गणित टेंडर निघायच्या आधी एकदा परत करा: शिक्षणाधिकारी आणि बांधकाम विभागाला खुलं पत्र

मा. शिक्षणाधिकारी साहेब, बांधकाम विभागाचे इंजिनियर साहेब, आणि आपल्या तालुक्यातल्या सगळ्या शाळा व्यवस्थापन समित्यांमधल्या ताई-दादांनो,

नमस्कार. मी आमच्या गावच्या शाळेच्या समितीवर आहे, पालक म्हणून, माझी मुलगी सातवीत आहे. आणि त्याआधीपासून गेली पंधरा-सोळा वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते, त्यात टॉयलेट ब्लॉकची ड्रॉइंगं भरपूर केलीत, म्हणून हे पत्र लिहायची हिंमत करतेय.

मागच्या मीटिंगला नवीन टॉयलेट ब्लॉकचं एस्टिमेट आमच्यासमोर ठेवलं. जुना ब्लॉक पाडून नवीन बांधायचा आहे, चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे आणि ती वाचल्यापासून मला चैन नाहीये. ओळ अशी: मुले ३१२, संडास ८, मुताऱ्या १६. मुली २६८, भागिले ४०, संडास ७. बस. मुलींच्या पुढे मुतारीचा रकानाच रिकामा.

मीटिंगला मी विचारलं तर उत्तर आलं की ताई, चाळीसला एक हा सरकारी निकष आहे, २६८ ला ४० ने भागलं की ६.७ येतात, आम्ही तर वर धरून ७ दिलेत. भागाकार बरोबर आहे हो. पण तो चाळीसचा आकडा एका कागदावरचा आहे आणि शेजारचा मुलांचा हिशोब दुसऱ्याच कागदावरचा, दोन्ही एकत्र शिवलेत आणि शिवताना मुलींच्या बाजूचं कापड कमी पडलंय. कसं ते नीट सांगते, घाई न करता वाचा.

आपल्याकडे शाळेसाठी मुख्यतः दोन निकष वापरात आहेत. पहिला नॅशनल बिल्डिंग कोडमधला तक्ता, जो आम्ही ड्रॉइंगवाले वापरतो. त्यात दिवसाच्या शाळेसाठी मुलग्यांना ४० मागे एक संडास आणि शिवाय २० मागे एक मुतारी, मुलींना २५ मागे एक संडास. हात धुवायचं बेसिन मुलांना ६० मागे एक, मुलींना ४० मागे एक. दुसरा निकष २०१४ च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेचा, त्यात शक्यतो ४० विद्यार्थ्यांमागे एक युनिट असं म्हटलंय, आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण युनिट म्हणजे एक संडास नाही. युनिट म्हणजे एक संडास अधिक तीन मुताऱ्या. मुलींच्या युनिटलाही तेच.

आता आपल्या एस्टिमेटमध्ये काय झालंय बघा. मुलांचा हिशोब बिल्डिंग कोडप्रमाणे केलाय, ३१२ भागिले ४० म्हणजे ७.८ म्हणून ८ संडास, ३१२ भागिले २० म्हणजे १५.६ म्हणून १६ मुताऱ्या, एकदम बरोबर. मुलींसाठी मात्र चाळीस हा आकडा स्वच्छ विद्यालयमधून उचलला आणि त्याच्याबरोबरच्या तीन-तीन मुताऱ्या तिथेच सोडून दिल्या. कोडप्रमाणे केलं असतं तर २६८ भागिले २५, म्हणजे १०.७२, म्हणजे ११ संडास. (कोडमध्ये 'किंवा त्याचा भाग' असं असतं, म्हणजे राहिलेल्या अठरा मुलींसाठीही एक पूर्ण संडास द्यायचा, पॉइंट सोडून द्यायचा नाही.) स्वच्छ विद्यालयप्रमाणे केलं असतं तर ७ संडास आणि २१ मुताऱ्या, एकूण २८ जागा. आपल्याकडे आल्या फक्त सात. दोन्हीपैकी कुठल्याच निकषात न बसणारा आकडा, आणि तरी कागदावर निकष पाळल्यासारखा दिसतो. कुणी मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, जुन्या फाइलीतून फॉर्म्युला कॉपी होतो आणि तसाच फिरत राहतो, आमच्या ऑफिसातही झालंय असं.

पण समजा उद्या तुम्ही दुरुस्ती केली आणि ७ चे ११ केले, तरी माझं म्हणणं संपत नाही. कारण बिल्डिंग कोडच्या तक्त्यातसुद्धा मुलग्यांना ८ अधिक १६ म्हणजे २४ जागा मिळतात आणि मुलींना ११. म्हणजे तेरा मुलांमागे एक जागा आणि चोवीस मुलींमागे एक जागा. तुलनेसाठी त्याच कोडमधलं ऑफिस बघा. ऑफिसात पुरुषांना २५ मागे एक संडास, बायकांना १५ मागे एक. शंभर पुरुष आणि शंभर बायका असल्या तर पुरुषांना ४ संडास आणि ४ मुताऱ्या, म्हणजे ८ जागा, आणि बायकांना ७. जवळजवळ सारखं. ऑफिसातल्या बाईला जेवढं मिळतं तेवढं शाळेतल्या पोरीला तक्त्यातच मिळत नाही.

आणि ऑफिसात अजून एक सोय असते जी शाळेत नसते. ऑफिसात माणूस पाहिजे तेव्हा उठून जातो, कुणी अकराला कुणी साडेअकराला, त्यामुळे सात जागा दिवसभर थोड्याथोड्या वापरल्या जातात आणि रांग लागत नाही. शाळेत घंटा असते. घंटा झाली की सगळ्याजणी एकदम बाहेर, दहा मिनिटांनी परत घंटा की सगळ्या एकदम आत. म्हणून शाळेचे टॉयलेट पटसंख्येवर मोजून चालत नाही, छोट्या सुट्टीच्या दहा मिनिटांवर मोजावे लागतात.

ते गणित करून बघूया, काही अवघड नाहीये, इयत्ता पाचवीचं आहे.

आम्ही तीन आया तीन दिवस छोट्या सुट्टीत टॉयलेटजवळ उभ्या राहिलो. रांगेत येणाऱ्या मुली, त्यात रांग बघून परत फिरलेल्याही धरल्या, तर रोज साधारण निम्म्या मुली येतात. म्हणजे १३४ धरा. एका मुलीला आत जाऊन, कडी लावून, सलवारची नाडी सोडून-बांधून, पाणी टाकून बाहेर यायला दीड मिनिट लागतं, नळाला धार बारीक असेल तर दोन. मधला दार उघडण्या-लावण्याचा वेळ धरला तर दहा मिनिटांत एका संडासात सहा मुली होतात, सातवीचा नंबर लागेपर्यंत घंटा होते.

एस्टिमेटमधले ७ संडास, गुणिले ६, म्हणजे ४२ मुली. आल्या होत्या १३४. ब्याण्णव मुली तशाच वर्गात परत.

कोडप्रमाणे ११ केले तर ६६. तरी निम्म्या परत.

मुलांचं बघा, निम्मी म्हणजे १५६ पोरं आली आणि सगळी फक्त मुतारीतच गेली असं धरलं तरी १६ मुताऱ्यांत एकेकीला दहा पोरं, प्रत्येकी पाऊण मिनिट, साडेसात मिनिटांत मोकळी. उरलेल्या अडीच मिनिटांत क्रिकेट. मला मुलांचं कमी करायचं नाहीये, त्यांचे आकडे आहेत तसेच राहू द्या, ते बरोबर आहेत. पण बरोबर असण्याचा अर्थ काय तर सुट्टीत सगळ्यांचा नंबर लागतो, आणि तोच अर्थ मुलींच्या बाजूला पाहिजे.

आता ज्या ब्याण्णव परत जातात त्या काय करतात हे तुम्हाला ऑफिसात बसून दिसणार नाही. त्या तक्रार करत नाहीत, त्या पाणी पीत नाहीत. माझ्या मुलीची बाटली सकाळी भरून दिलेली संध्याकाळी जवळपास भरलेलीच परत यायची, मी किती दिवस तिलाच ओरडत होते. मग एकदा म्हणाली, आई, पाणी प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की नंबरच लागत नाही. लघवीला जळजळ होते म्हणून दोनदा डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांचं पहिलं वाक्य, पाणी कमी पितेय आणि धरून ठेवतेय. कुठल्याही शाळेत टॉयलेट पुरतात की नाही हे बघायचं असेल तर टॉयलेट मोजायच्या आधी शाळा सुटताना मुलींच्या बाटल्या उचलून बघा. आणि सुट्टीनंतरच्या तासाला किती मुली 'सर जाऊ का' विचारतात तेही कुठल्याही वर्गशिक्षकांना विचारा.

मग करायचं काय. जागा कमी आहे, पैसे कमी आहेत, हे मला माहितीय, ड्रॉइंग माझ्या पण डोळ्यासमोर आहे. २८ जागा बसणार नाहीत त्या प्लॉटवर. म्हणून माझं मागणं असं आहे: मुलींसाठी ११ संडास आणि १२ मुताऱ्या. २३ जागा, गुणिले ६, म्हणजे १३८. आल्या होत्या १३४. बसतं. आणि मुतारीत वेळ संडासापेक्षा कमीच लागतो, म्हणजे थोडी ढील पण मिळते.

मुलींच्या मुताऱ्या म्हटलं की मीटिंगमध्ये लगेच कुणीतरी म्हणतं, अहो मुली वापरतच नाहीत त्या, आमच्या शाळेत बांधल्या होत्या, पडून आहेत. खरं आहे, पडून असतात, पण का ते बघायला कुणी जात नाही. मी चार शाळांमधल्या बघून आले. कमरेएवढी भिंत, दार नाही, नळ नाही, एक लांब गटार आणि त्यावर पाय ठेवायला दोन-दोन फरश्या. कुठली पोरगी बसेल तिथे, आणि पाचवीतली बसली तरी आठवी-नववीतली कशी बसेल. मुलींची मुतारी म्हणजे छोटी खोलीच पाहिजे: डोक्याच्या वर जाणारी भिंत, आतून कडी लागणारं दार, खाली बसायचं छोटं भांडं, हाताशी नळ, आणि लादीला नीट उतार. संडास साधारण तीन फूट बाय चार फुटांचा धरला तर ही त्याहून लहान होते, सेप्टिक टँकवर भारही कमी येतो, म्हणून स्वस्त पडते. दार वाचवायला गेलात तर बारा मुताऱ्यांचा खर्चही जाईल आणि मोजताना त्या शून्यच धराव्या लागतील. याच कारणाने नुसत्या मुताऱ्या वाढवून संडास सातच ठेवा असंही मी म्हणत नाहीये, पाळी आलेल्या मुलीला मुतारी चालत नाही, तिला वेळही जास्त लागतो, खुंटी, छोटा कट्टा, झाकणाची कचरापेटी लागते, म्हणून ११ पैकी निदान दोन संडास थोडे मोठे आणि त्यासाठी सोयीचे करा. आठवी ते दहावीच्या मुली किती आहेत ते हजेरीपटात बघा म्हणजे कळेल दोन का म्हणतेय.

एक उपाय बिनपैशाचा पण आहे आणि तो मुख्याध्यापक उद्यापासून करू शकतात: छोटी सुट्टी दोन बॅचमध्ये. पाचवी ते सातवी आधी, आठवी ते दहावी पंधरा मिनिटांनी. १३४ च्या ६७ झाल्या. ११ संडास असतील तर दहा मिनिटांत ६६, म्हणजे काठावर बसतं. पण सात असतील तर ४२, म्हणजे बॅच करूनही पंचवीस मुली बाहेरच. म्हणजे बॅच हा ११ ला हातभार आहे, ७ ची पळवाट नाही. शिक्षकांची अडचण मला समजते, एका बॅचचा गोंगाट दुसऱ्या बॅचच्या वर्गात जातो, लक्ष ठेवायला दोनदा उभं राहावं लागतं. पण नवीन ब्लॉक उभा राहीपर्यंत निदान हे करा.

बेसिनबद्दल थोडंसं. कोडप्रमाणे आमच्या शाळेला मुलांना ६ आणि मुलींना ७ अशी १३ येतात, एस्टिमेटमध्येही तेरा आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेरा बेसिनं टॉयलेटमधून बाहेर आल्यावर हात धुवायला पुरतात, खिचडीच्या आधी नाही. पाचवी ते आठवीची ३९० पोरं जेवायला बसतात, साबण लावून नीट हात धुवायला पस्तीस सेकंद धरले तर तेरा नळांवर साडेसतरा मिनिटं जातात, म्हणून आज पोरं ड्रेसला हात पुसून बसतात. स्वच्छ विद्यालयमध्ये यासाठीच वेगळी सोय सांगितलीय, एका वेळी दहा-बारा मुलं हात धुतील असा लांब कट्टा आणि नळांची रांग. बारा नळांची एक रांग स्वयंपाकघराच्या बाजूला, उघड्यावर पत्र्याखाली, टाइल्सचा खर्च नको. मग २५ नळ होतात आणि तेच काम नऊ-साडेनऊ मिनिटांत होतं. फक्त बारा नळांना पाऊण इंची पाइप देऊ नका, पहिल्या तीन नळांना धार आणि शेवटच्या चारला थेंब, असं सगळीकडे झालेलं आहे. निदान सव्वा इंची लाइन टाका आणि त्यातून नळ काढा.

पाण्याचं पण तसंच. कोडमध्ये दिवसाच्या शाळेला डोई ४५ लिटर धरतात, ५८० मुलांचे २६ हजार लिटर होतात. आमच्या गच्चीवर दोन हजारची एक टाकी आहे आणि ती दिवसातून एकदा भरते. एवढं सगळं पाणी रोज लागेल असं नाही, मगने वापर कमी होतो, पण दोन हजारात तेवीस जागा चालणार नाहीत हे सांगायला कोड नको. एस्टिमेटमध्ये टाकीची ओळच नाहीये. पाणी नसलं की पहिल्या दिवशी वास, चौथ्या दिवशी भांडं तुंबतं, आठव्या दिवशी शिपाईमामा कुलूप लावतात आणि रजिस्टरमध्ये तो संडास 'आहे' म्हणूनच राहतो.

त्यावरून जुन्या ब्लॉकचं सांगते. यूडायसच्या फॉर्ममध्ये किती आहेत आणि किती चालू आहेत असं वेगवेगळं विचारतात, ते उगाच नाही विचारत. आमच्याकडे कागदावर मुलींचे सहा. एकात जुने बाक भरलेत, एकाला बाईंसाठी म्हणून कुलूप, एकाचं भांडं फुटलंय. राहिले तीन. तीन गुणिले सहा, अठरा मुली. शिक्षकांसाठी वेगळे संडास हिशोबात धरा, मुलींच्या आकड्यातून काढून देऊ नका, आणि दिव्यांग मुलांसाठीचा रॅम्पचा मोठा संडास पण वेगळा धरा, तो मुलींच्या सातात मिसळून आकडा भरलाय असंही एका शाळेच्या कागदावर बघितलंय मी.

आणि कृपा करून असं उत्तर नका देऊ की कायद्यात आकडाच नाही. नाहीये, मला माहितीय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह एवढंच आहे, किती ते नाही, दोन दारं असली तरी कायदा पाळला गेला. म्हणूनच तर एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की शाळांमध्ये मुलींच्या संख्येला किती टॉयलेट, याचं देशभर एकच मॉडेल ठरवा. पण आपल्या ब्लॉकला कोर्टाची वाट बघायची गरज नाही, कोड आहे, स्वच्छ विद्यालय आहे, दहा मिनिटांची सुट्टी आहे.

बाकी समित्यांमधल्या ताई-दादांनो, तुमच्याकडे एस्टिमेट येईल तेव्हा मुलींच्या ओळीत मुतारीचा रकाना रिकामा आहे का तेवढं आधी बघा. रिकामा असेल आणि भागाकार चाळीसने केलेला असेल तर तिथेच हात वर करा. मग घड्याळ घेऊन एक दिवस सुट्टीत उभे राहा, आलेल्या मुली मोजा, चालू संडास गुणिले सहा करा, दोन्ही आकडे ठरावात लिहा. ठरावात आकडा असला की तो फाइलीबरोबर वर जातो, नुसतं 'टॉयलेट अपुरे आहेत' लिहिलं की खालीच राहतं.

इंजिनियर साहेब, ११ संडास आणि १२ मुताऱ्यांचं ड्रॉइंग मी करून ठेवलंय, त्याच प्लॉटवर, बेसिनं बाहेरच्या पडवीत काढून, म्हणजे आतल्या बोळात रांग आणि हात धुणारी पोरं एकमेकांत अडकत नाहीत. पैसे नकोत त्याचे. येत्या सोमवारी समितीची मीटिंग आहे, दुपारी तीनला, तुमचा माणूस पाठवा नाहीतर मी प्रिंट घेऊन तुमच्या ऑफिसला येते. टेंडर निघालं की सातचे अकरा करायला परत सुधारित मंजुरी लागेल आणि तोपर्यंत माझी मुलगी दहावी झालेली असेल. आज ती ओळ पेनाने बदलता येते.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती